चहावाल्याची कथा: सात महिने वर्गात वाचल्यानंतर

मोठ्या शहरात नवा आलेला मुलगा आणि त्याला रोज सकाळी हाक मारणारा टपरीवाला, एवढीच गोष्ट. मीच लिहिली आणि गेले सात महिने कथालेखनाच्या वर्गात मोठ्याने वाचतोय. कागदावर बरी वाटणारी कथा ऐकताना कुठे लंगडते, ते आता कळलंय.

पहिलं दुखणं क्रियापदात होतं. टपरीवाला रोज भेटतो म्हणून मी सगळं ‘म्हणायचा’, ‘विचारायचा’, ‘हसायचा’ असं लिहिलं होतं. दीड पान तसंच. ऐकणारे तिसऱ्या परिच्छेदाला चुळबुळ करू लागत. रोज घडतं म्हटलं की आज काय घडलं याची उत्सुकताच राहत नाही. मग ‘म्हणायचा’ चार वाक्यांत आटोपलं आणि पाचव्या वाक्याला ‘त्या मंगळवारी तो म्हणाला’ आणलं. चुळबुळ थांबली. तोच माणूस, तीच टपरी, बदललं फक्त क्रियापद.

हाकेवर मात्र मी सर्वांत जास्त वेळ घालवला. आधी रोज एकच वाक्य होतं, ‘काय साहेब, झोप झाली का?’ गोड होतं, पण नातं जागचं हलत नव्हतं. आता सुरुवातीला ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ आहे. मुलगा एकदा सुट्टे नाहीत म्हणून परत फिरतो, तेव्हा टपरीवाला ओरडतो, ‘अरे, पिऊन जा, उद्या दे!’ तो ‘अरे’ त्याच्या तोंडून चुकून निघतो आणि मग तसाच राहतो. ‘आता ते जवळचे झाले’ हे वाक्य त्यानंतर मी खोडलं. अहोजाहोतून अरेतुरेत येण्याची ही सोय मराठीत आयती मिळते, ती वापरायला मला तीन महिने लागले याची लाज वाटते.

शेवटाची गंमत वेगळीच. पहिल्या मसुद्यात एके सकाळी टपरी बंद होती आणि टपरीवाला वारला होता. वाचता वाचता थांबून विचारलं, की पुढे काय? जवळपास सगळ्यांनी अचूक सांगितलं. (एकीने तर डोळे पुसल्याचं नाटकही केलं.) मग उलटं केलं. तापाने फणफणलेला मुलगाच दोन दिवस येत नाही. तिसऱ्या दिवशी टपरीवाला विचारपूस करत नाही, ग्लास पुढे सरकवत कुरकुरतो, ‘दोन दिवस एक ग्लास जास्तीचा ओतला गेला माझ्याकडून.’ हे कोणाला आधी सांगता आलं नाही.

तक्रार एक उरली आहे. टपरीवाल्याला स्वतःचं काहीच नाही. तो फक्त मुलाला बरं वाटावं म्हणून पहाटे उठतो. मागच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘सर, ह्या माणसाला घर आहे का?’ म्हणून आता तो एक दिवस हाक मारायच्या वेळी फोनवर कोणाशी तरी भांडत असतो आणि मुलाकडे बघतही नाही. हे पान अजून वाचून दाखवलेलं नाही.