सामायिक व्हीपीएन, स्वतंत्र पत्ता की कोल्हापुरातला घरचा राउटर?

परदेशात राहून भारतातल्याच सबस्क्रिप्शनवर सामने बघायचे तर सेवेला आपण भारतातच आहोत असं दिसावं लागतं. त्याला तीन वाटा आहेत: व्हीपीएन कंपनीचा, अनेक ग्राहकांत सामायिक असलेला आयपी पत्ता, तिच्याकडूनच जादा पैसे भरून घेतलेला स्वतंत्र पत्ता, किंवा घरच्या राउटरवर वायरगार्ड हे सॉफ्टवेअर लावून चालवलेला स्वतःचाच व्हीपीएन. कामानिमित्त जर्मनीत असताना मी तिन्ही वापरून पाहिल्या. सेवेच्या अटी आधी वाचाव्यात. काही सेवा यातलं काहीच चालवून घेत नाहीत.

सामायिक पत्ता स्वस्त आहे आणि कधी कधी छान चालतोही. पण सामना रंगात आला की नेमकी ‘प्रॉक्सी बंद करा’ अशी पाटी यायची. सर्व्हर बदलायचा, पुन्हा लॉगिन करायचं, आणि ओटीपी जायचा कोल्हापुरात आईच्या मोबाइलवर. ती जेवायला बसलेली. तिला उठवून आकडे विचारायचे. मला वैताग आला तो याचा.

हे होतं कसं? प्रत्येक आयपी पत्ता कुठल्या ना कुठल्या नेटवर्कच्या नावावर असतो. तो डेटा सेंटरचा की घरगुती इंटरनेटचा, हे सांगणाऱ्या याद्या मॅक्समाइंडसारख्या कंपन्या विकतात. त्यात डेटा सेंटरच्या एकाच पत्त्यावरून एकमेकांशी संबंध नसलेली शेकडो खाती एकाच वेळी दिसली, की संशय पक्का होतो. मग पत्ताच बंद होतो आणि त्यावरचे सगळेच अडकतात.

नुसती गर्दी मात्र कारण नव्हे. आपल्याकडचे फायबरवालेही सीजीनॅट लावून अनेक घरं एका पत्त्यामागे बसवतात. पण तो पत्ता इंटरनेट कंपनीच्या नावावर असतो. तो अडवला तर पैसे भरणारे खरे ग्राहकच तुटतील.

स्वतंत्र पत्त्यानं गर्दीची खूण जाते, डेटा सेंटरची राहते. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश दिला, त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. त्यांच्या ‘भारत’ पत्त्यामागचं यंत्र सिंगापूरसारख्या ठिकाणी असतं. बँकेच्या कामाला हा पर्याय बरा वाटला, सामन्यांना तितकासा नाही.

माझा कल घरच्या राउटरकडे आहे. त्यातही अडचणी आहेत: लाइट गेली की सगळं बंद, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर हवा, आणि चित्राचा दर्जा घरच्या अपलोड वेगावर ठरतो. राउटरमधला WAN पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानं सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात आणि बाहेरून जोडणी येणार नाही. अशा वेळी फायबरवाल्याकडून स्टॅटिक आयपी घ्यावा लागतो. मोबाइलवरच्या वायरगार्डमध्ये ही ओळ पूर्ण हवी:

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

यातला `::/0` राहिला, तर IPv6 ची वाहतूक व्हीपीएनच्या बोगद्याबाहेरून जाऊ शकते आणि सेवेला तुमचा जर्मन पत्ता दिसू शकतो. निघण्यापूर्वी घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एक अख्खा सामना बघून घ्या.