सगळं क्लाउडवर होतं, तरी गेलं

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. ऑफिसमधल्या सहा जणांचे मेल, कोटेशनच्या शीट, पार्ट्यांशी झालेला पत्रव्यवहार, सगळं गुगल वर्कस्पेसवर. दर महिन्याला प्रत्येक खात्याचे पैसे भरतो, म्हणजे बॅकअप तेच ठेवत असणार, असं मी धरून चाललो होतो.

आमचं मार्केटिंग बघणारे गृहस्थ नऊ वर्षं माझ्याकडे होते. 31 मार्चला त्यांनी नोकरी सोडली. लॅपटॉप दिला, किल्ल्या दिल्या, जाताना सगळ्यांना पेढे वाटले. मी त्यांचा हिशेब त्याच दिवशी चुकता केला आणि खात्याचा पासवर्ड बदलून टाकला. खात्यात काय शिल्लक आहे, ते उघडून पाहिलं नाही.

12 मे रोजी रायपूरच्या पार्टीने 3 लाख 40 हजार रुपये अडवले. जादा कामाला मंजुरी दिलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मंजुरीचा मेल मागच्या ऑगस्टमध्ये आला होता, तो मी स्वतः वाचला होता. मार्केटिंगवाल्यांचं ते खातं उघडलं तर इनबॉक्समध्ये 41 मेल, सगळे एप्रिलपासूनचे. नऊ वर्षांचं काहीच नाही. ड्राइव्हही रिकामी.

आमचे कॉम्प्युटर बघणारा सीताबर्डीचा मुलगा धावत आला. admin.google.com वर जाऊन, त्या खात्यापुढचा डेटा परत आणण्याचा पर्याय त्याने मला दाखवला. तिथे तारखा निवडाव्या लागतात, आणि मागच्या 25 दिवसांपलीकडची तारीख ते घेतच नाही. आम्ही 17 एप्रिलपासून पुढचं मागवलं. हाती काही लागलं नाही.

"भाऊ, नुसतं डिलीट नाही केलं, कचरापेटीपण रिकामी करून गेला तो," मुलगा म्हणाला. मग त्याने समजावलं. डिलीट केलेला मेल कचरापेटीत 30 दिवस राहतो आणि मग आपोआप जातो. तिथून गेल्यावर अॅडमिनला तो आणखी 25 दिवस परत आणता येतो. त्यांनी मार्चअखेर नुसतं डिलीट केलं असतं, तर 12 मेला सगळं परत आलं असतं. पेटी त्यांनी हाताने रिकामी केली, त्यामुळे मधले 30 दिवस कापले गेले आणि माझी मुदत 25 एप्रिलच्या आतच संपली. गुगल कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही घडलंच नाही. खातेदाराने स्वतःचा पासवर्ड टाकून स्वतःचे मेल काढले, आणि यंत्रणेने सांगितलं तसं केलं. ती कंपनी प्रती ठेवते, ते स्वतःची यंत्रणा बंद पडू नये म्हणून. आपल्याच माणसाने पुसलेलं वर्षभर सांभाळायला नाही.

कोटेशनच्या शीट स्टोअरच्या कॉम्प्युटरवर दिसत असत, म्हणून तिकडे धावलो. सिंक केलेलं फोल्डर रिकामं. तिथे जे उतरत होतं ती प्रत नव्हतीच, आरसा होता. वर पुसलं की खालीही पुसलं जातं. एकाने पूर्वी काही फायली पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या, त्यांची नावं .gsheet ने संपत होती. आत आकडे नाहीत, फक्त वरच्या शीटचा पत्ता. शीट आम्हा सगळ्यांना शेअर केलेल्या होत्या, पण मालकी मार्केटिंगवाल्यांच्या खात्याची. मालकाने कायमची काढली की शेअर असलेल्यांचीही जाते.

वाचलं ते एवढंच: ज्या मेलवर आमच्या अकाउंटंट ताईंना सीसी होती, ते त्यांच्या खात्यात तसेच होते. मंजुरीचा मेल त्यांत नव्हता. रायपूरशी 1 लाख 90 हजारांवर तडजोड करावी लागली. ते गृहस्थ आता बुटीबोरीत आमच्याच धंद्यात आहेत, आमचेच जुने दर घेऊन. नऊ वर्षं ज्यांना घरचं मानलं, त्यांनी असं करावं, याचं दुःख पैशांहून मोठं आहे.

आता प्रत्येक खात्यातून दर महिन्याला takeout.google.com वरून सगळं उतरवून घेतो. मेल .mbox मध्ये येतात, शीट एक्सेलमध्ये, म्हणजे गुगलशिवाय उघडतात. ते एका हार्ड डिस्कवर जातं, आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो, कारण जोडून ठेवलेली डिस्कही कोणी पुसू शकतो. जुनी प्रत नवीवर चढवत नाही. प्रत्येक महिन्याचं फोल्डर वेगळं. कॉम्प्युटरवर मेल वाचायच्या थंडरबर्ड प्रोग्रॅममध्ये मेल दिसतात म्हणून निश्चिंत राहू नका. आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलशी सतत जुळवून घेणाऱ्या पद्धतीने, जोडलेलं खातं म्हणजे पुन्हा तोच आरसा. मेल त्यातल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी केले तरच ते तुमच्या मशीनचे होतात.

आणि कोणी राजीनामा दिला, की त्याच दिवशी त्याच्या खात्याची पूर्ण प्रत काढतो, नोटीस पिरियड संपायची वाट बघत नाही. नंतर खातंही घाईने काढत नाही. काढलेलं खातं अॅडमिनला फक्त 20 दिवस परत आणता येतं, आणि रायपूरचं भांडण माझ्यापर्यंत पोचायलाच 42 दिवस लागले होते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताई ती डिस्क जोडतात, कुठल्यातरी जुन्या पार्टीचं नाव शोधतात आणि मेल उघडून मला दाखवतात. गेल्या शनिवारी अमरावतीच्या एका गेटचं ड्रॉइंग निघालं, मापांसकट.