संशोधनाचा डेटा कुठे ठेवायचा? ड्राइव्ह, नास आणि बाहेरची डिस्क: विद्यार्थ्यांना पत्र काढण्याआधी करायची तुलना

नवे सत्र सुरू झाले की प्रयोगशाळेच्या प्रमुखांचे पत्र फलकावर लागते: ‘सर्वांनी आपला डेटा सुरक्षित ठेवावा व नियमित बॅकअप घ्यावा.’ या वाक्यातून विद्यार्थ्याला कृती कळत नाही. फाइल कुठे टाकायची, तिची दुसरी प्रत कोण काढतो आणि ती बिघडली तर कोणाकडे जायचे, हे पत्रात हवे. त्यासाठी आधी जागा ठरवावी लागते. महाविद्यालयात तीनच पर्याय सहज मिळतात: महाविद्यालयाच्या खात्यावरचा गूगल ड्राइव्ह, प्रयोगशाळेतला नास, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी, आणि यूएसबीची बाहेरची डिस्क.

तुलना करताना जागा किती मिळते हे पहिल्यांदा पाहिले जाते. खरी कसोटी वेगळी आहे: फाइल आज बिघडली आणि ते दीड महिन्याने लक्षात आले, तर मूळ फाइल परत मिळेल का? डिस्क जळाली तर त्याच दिवशी कळते. संशोधनातला डेटा बहुतेकदा गुपचूप बिघडतो आणि प्रबंधाची आकृती करायला बसल्यावर ते उघडकीस येते.

एक उदाहरण घेऊ. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आठ विद्यार्थी आणि एक फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक आहे. आठवड्याला साधारण 40 जीबी प्रतिमा निघतात, म्हणजे वर्षाला 2 टीबी. सोमवारी, 7 जुलैला, एका विद्यार्थिनीने प्रतिमांचा संच घेतला. 14 जुलैला तीच मूळ फाइल उघडून तिने नको असलेला भाग कापला आणि सवयीने सेव्ह केले. 28 ऑगस्टला, म्हणजे 45 दिवसांनी, मॅडमनी पूर्ण प्रतिमा मागितली.

ड्राइव्हवर ही फाइल परत मिळणार नाही असेच धरून चालावे. वर्ड किंवा प्रतिमेसारख्या बाहेरून चढवलेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या ड्राइव्ह 30 दिवस किंवा नव्या 100 आवृत्त्या होईपर्यंत राखतो. ‘कायम ठेवा’ असा पर्याय त्या आवृत्तीपुरता आधीच निवडला असेल तरच ती पुढे टिकते, आणि चूक झाली हेच ठाऊक नसताना तो कोणी निवडत नाही. डिलीट केलेल्या फाइलचेही तसेच. कचरापेटीत ती 30 दिवस राहते. पेटी रिकामी झाल्यावर महाविद्यालयाचा अ‍ॅडमिन आणखी 25 दिवस ती परत आणू शकतो, पण त्या मुदतीत कोणीतरी त्याच्याकडे जायला हवे. संगणकावरचे फोल्डर ड्राइव्हशी सिंक केले असेल तर इकडची चूक काही मिनिटांत तिकडे पोहोचते. सिंकने दोन्हीकडे एकच अवस्था राहते. कालची अवस्था हवी असेल तर ती वेगळी राखावी लागते.

नासमध्ये दोन डिस्क आरशासारख्या जोडलेल्या असतात. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवर काम चालू राहते, एवढ्यासाठीच ती जोडणी आहे. विद्यार्थिनीने सेव्ह केलेली कापलेली फाइल त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर लिहिली गेली. इथे उपयोगी पडतो तो स्नॅपशॉट, म्हणजे ठरलेल्या वेळची फोल्डरची गोठवलेली अवस्था. तो किती दिवस राखायचा हे मात्र आपणच ठरवायचे असते. रोजचा एक आणि 30 दिवस राखणे अशी मांडणी असेल तर 45 व्या दिवशी हाती काही लागत नाही. त्याला रविवारचा एक स्नॅपशॉट 12 आठवडे राखण्याची जोड दिली, तर 13 जुलैच्या रविवारची अवस्था शाबूत असते आणि पाच मिनिटांत मूळ फाइल मिळते. मूळ प्रतिमा एकदा घेतल्यावर बदलत नसल्याने या स्नॅपशॉटना फारशी जागा लागत नाही. जागा बदललेल्या भागालाच लागते.

बाहेरच्या डिस्कचा निकाल कॉपी कशी केली यावर आहे. दर शुक्रवारी डिस्क जोडून मूळ फोल्डर तिच्यावर कॉपी करायचे आणि ‘बदला का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे, अशी पद्धत असेल तर 11 जुलैला चांगली फाइल गेली आणि 18 जुलैला तिच्यावर कापलेली चढली. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या आज्ञेतला `/MIR` हा पर्याय त्याहून घातक आहे, कारण मूळ जागेतून डिलीट झालेले तो डिस्कवरूनही काढून टाकतो. कच्च्या डेटासाठी डिस्कवर आधीच असलेल्या फाइलला हात न लावणारी आज्ञा वापरावी:

```
robocopy D:\Kachcha E:\Kachcha /E /XC /XN /XO /R:2 /W:5 /LOG:E:\log_20250711.txt
```

यात `/XC /XN /XO` मुळे बदललेली, नवी किंवा जुनी अशी कोणतीही फाइल आधीच्या प्रतीवर चढत नाही; डिस्कवर नसलेल्याच फाइल जातात. तिची एक अडचण ध्यानात ठेवावी. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा डिस्क ओढून काढली, तर अर्धवट फाइल तिथे राहते आणि पुढच्या वेळी ही आज्ञा तिलाही ‘आहे’ म्हणून सोडून देते. म्हणून लॉग उघडून पाहावा. शेवटी हिशेबाचा तक्ता असेल आणि `FAILED` च्या रकान्यात शून्य असेल तरच काम पुरे झाले. तक्ताच नसेल, तर लॉगमधली शेवटची फाइल डिस्कवरून काढून आज्ञा पुन्हा चालवावी.

| प्रश्न | ड्राइव्ह | नास | बाहेरची डिस्क |
|---|---|---|---|
| 45 दिवसांपूर्वीची फाइल | बहुधा नाही | साप्ताहिक स्नॅपशॉट राखले तर हो | वर न चढवणारी कॉपी असेल तर हो |
| 40 जीबी टाकायला | 20 एमबीपीएस अपलोडवर साधारण साडेचार तास | गिगाबिट केबलवर सहा-सात मिनिटे | सात-आठ मिनिटे |
| खोलीत पाणी शिरले किंवा आग लागली | डेटा वाचतो | जातो | दुसऱ्या इमारतीत असेल तर वाचते |
| कोणाचे काम | अ‍ॅडमिन | प्रयोगशाळेतला एक जबाबदार माणूस | दर शुक्रवारी आठवण ठेवणारा माणूस |

ड्राइव्हविषयी आणखी दोन गोष्टी. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद जागा 2022 पासून राहिली नाही. आता मूळ योजनेत पूर्ण संस्थेला मिळून 100 टीबी मिळते. महाविद्यालयाने प्रत्येक खात्यावर मर्यादा घातली असेल तर आपल्या वाट्याला काय येते, हे पत्र लिहिण्याआधी अ‍ॅडमिनला विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट मालकीची. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ड्राइव्हमधली फाइल तुमच्याशी शेअर केलेली असली तरी ती त्याच्या खात्याची असते, आणि तो पास होऊन खाते बंद झाले की तीही जाण्याचा धोका असतो. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइलची मालकी संस्थेकडे राहते. तिथे विद्यार्थ्यांना `Contributor` ही भूमिका द्यावी. त्यांना फाइल टाकता आणि बदलता येते, काढून टाकता किंवा हलवता येत नाही. बदलण्याचा धोका तरीही उरतो, म्हणून ही जागा एकट्याने पुरी पडत नाही.

नासच्या वाटेत सूक्ष्मदर्शकाचा जुना संगणक आडवा येतो. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून तो अजून विंडोज 7 वर असतो, कधी एक्सपीवर. एक्सपीला नासशी बोलायला एसएमबी या नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती लागते आणि नव्या नासवर ती मुद्दाम बंद ठेवलेली असते. मे 2017 मध्ये फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच आवृत्तीतल्या छिद्रातून पसरला. ती चालू करण्याचा मोह टाळावा. असा संगणक नेटवर्कबाहेर ठेवून त्याच्यासाठी एक वेगळी डिस्क राखावी आणि त्याच दिवशी तिच्यावरून दुसऱ्या संगणकामार्फत नासवर फाइल न्याव्यात. ती डिस्क एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही; एनटीएफएस असावी. शिवाय जुन्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि आजच्या फाइलवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख पडते. ‘नव्या फाइलच घ्या’ असे सांगितलेला बॅकअप ती मग मुकाट वगळू शकतो. तारीख फाइलच्या नावातच लिहिण्याचे हे एक चांगले कारण आहे.

आमचा कौल असा: वर्षाला दोन-तीन टीबी निर्माण करणाऱ्या प्रयोगशाळेने मुख्य जागा म्हणून नास घ्यावा, यूपीएससह आणि साप्ताहिक स्नॅपशॉट राखून. त्याच्या जोडीला दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि जी जोडलेली नाही ती दुसऱ्या इमारतीत कपाटात ठेवावी. नासचा खर्च झेपत नसेल तर दोन डिस्क आणि शेअर्ड ड्राइव्ह ही जोडी चालेल. वर्षाला 50 जीबीच्या आत असलेल्या, तक्ते आणि आलेखांवर चालणाऱ्या गटाला तर हीच जोडी पुरेशी आहे. फक्त ड्राइव्ह, फक्त नास किंवा प्रत्येकाच्या बॅगेतली आपापली डिस्क यांपैकी काहीही एकटे नको.

एक डिस्क कायम सुटी ठेवण्याचा आग्रह कशासाठी, ते क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये दिसले. त्यांच्या महासंगणकावर जुन्या लॉग फाइल काढणारी बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिची सुधारित प्रत तिच्या जागी ठेवली गेली. स्क्रिप्ट मधूनच नव्याने वाचली गेली, फोल्डरचे नाव धरणारा चल रिकामा राहिला आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल पुसल्या गेल्या: सुमारे 77 टीबी, 3 कोटी 40 लाख फाइल, 14 गट. त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधून परत आणता आला नाही. जोडलेल्या जागेपर्यंत आज्ञा पोहोचते; कपाटातल्या डिस्कपर्यंत पोहोचत नाही.

आता पत्र. नास आणि दोन डिस्क ठरल्या असतील तर मजकूर असा करता येईल:

‘विद्यार्थ्यांनो, उपकरणातून निघालेली प्रत्येक फाइल त्याच दिवशी संध्याकाळी 6 च्या आत नासवरील Kachcha या फोल्डरमध्ये टाकावी. नाव असे: 20250707_AK_S3_GFP_01, म्हणजे तारीख, आद्याक्षरे, नमुना, रंग, क्रमांक. रात्री हे फोल्डर फक्त वाचण्यापुरते केले जाते. कापणे, रंग बदलणे, मोजमाप हे सर्व Kaam या फोल्डरमधील प्रतीवर करावे. बॅकअप दर शुक्रवारी दुपारी 4 वाजता प्रयोगशाळा सहायक घेतात. त्या वेळी मोठ्या फाइल उघड्या ठेवू नयेत. फाइल हरवली किंवा बिघडल्याची शंका आली तर त्याच दिवशी मला सांगावे, स्वतः दुरुस्त करू नये. प्रयोगशाळा सोडताना ना-हरकत सहीपूर्वी Kachcha मधील आपल्या फाइलची यादी वहीतील नोंदींशी जुळवून दाखवावी.’

यातले ‘रात्री फक्त वाचण्यापुरते’ हे कलम गाळू नये. आपल्या उदाहरणात दोन डिस्क आलटून पालटून वापरल्या असत्या तरी 11 जुलैच्या डिस्कवर चांगली आणि 18 जुलैच्या डिस्कवर कापलेली फाइल असती, आणि खरी कोणती हा वाद उरला असता. तो सोडवायला फाइल टाकतानाच तिची खूण काढून वहीत लिहावी:

```
certutil -hashfile 20250707_AK_S3_GFP_01.czi SHA256
```

येणाऱ्या 64 अक्षरांपैकी पहिली आठ वहीत लिहिली तरी चालते. एक बाइट बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते. महिन्यातून एकदा कपाटातल्या डिस्कवरच्या कोणत्याही तीन फाइल दुसऱ्याच संगणकावर कॉपी करून ही आज्ञा चालवावी, खूण वहीशी ताडावी आणि फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. जुळली नाही तर तिच्या बाकीच्या प्रती लगेच तपासाव्यात, आणि उलगडा होईपर्यंत त्या महिन्यात एकही डिस्क पुन्हा वापरात घेऊ नये.