ब्लर आधी की फेदर नंतर? इनपेंट केलेल्या ठिगळाची शिवण लपवताना

फोटोतली नको असलेली वस्तू इनपेंट करून काढणं तुम्हाला जमतंय असं धरून चालतो. वस्तू जाते, पण तिच्या जागी आलेल्या ठिगळाची कड दिसत राहते, आणि एकदा दिसली की नजर तिथेच जाते. ही कड लपवायचे दोन मार्ग मी बरेच दिवस आलटून पालटून वापरले. एकात मास्कला ब्लर आधीच द्यायचा आणि चित्र तयार होतानाच मिसळून घ्यायचं. दुसऱ्यात चित्र कडक कडेचंच काढायचं आणि फेदर नंतर गिम्पमध्ये लेयर मास्कवर हाताने करायचं. माझं बोलणं ऑटोमॅटिक११११च्या वेबयूआयवरून आहे. कम्फीयूआयवाल्यांना नोडची नावं बदलून घ्यावी लागतील.

ज्या फोटोवर माझा निर्णय झाला तोच उदाहरणाला घेतो. आजी ओट्यावर बसलीय, नऊवारीत, संध्याकाळचं तिरपं ऊन. मागे चुना दिलेली भिंत, खाली जांभ्याच्या चिऱ्यांचं जोतं, आणि आजीच्या खांद्यामागून डोकावणारी काकाची लाल मोटरसायकल. फोन कॅमेऱ्याचा ४००० बाय ३००० चा फोटो, त्यात गाडीने अडवलेली जागा साधारण ७०० बाय ९००. मास्कची कड तीन वेगळ्या गोष्टींवरून जाणार होती: गुळगुळीत भिंत, खडबडीत चिरा आणि पदराचा काठ. हे तिघं पुढे फार छळतात.

आधी ब्लरचा मार्ग. `Only masked` निवडायचं, `Mask blur`चा आकडा द्यायचा, बटण दाबायचं. पटकन होतं, आणि मोकळ्या आकाशावर किंवा गवतावर बरेचदा पहिल्या फटक्यात जमतं. मुळात ठेवलेला आकडा ४ असतो. तो फोटोच्या पिक्सेलमध्ये मोजला जातो आणि कडेच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम वीसेक पिक्सेलचा पट्टा मऊ करतो. छोट्या चित्रावर हा पट्टा पुरतो, चार हजार पिक्सेलच्या फोटोत तो दोऱ्याएवढा. म्हणून माणूस आकडा १६ वर नेतो. मीही नेला.

भिंतीची शिवण गेली आणि तिच्या जागी लालसर धुकं आलं. कारण एकदा कळलं की साधं आहे. मॉडेल चित्र काढताना मास्क ‘इथे आहे, इथे नाही’ असा कडकच वापरतं; ब्लर लागतो तो शेवटी, नवं चित्र जुन्यावर चिकटवताना. आणि ब्लर कडेच्या बाहेर जातो तसा आतही येतो. १६ च्या ब्लरला कडेपासून दहा पिक्सेल आतसुद्धा जुन्या फोटोचा पाव हिस्सा शिल्लक असतो. मी मास्क गाडीला घासून रंगवला होता, म्हणजे तो पाव हिस्सा लाल टाकीचाच. तेव्हा जितका ब्लर द्यायचा त्याच्या अडीचपट मास्क आधी वस्तूच्या बाहेर न्यायचा. १६ ला चाळीस पिक्सेल. इथे थोडं जास्तच घ्या, कारण लाल गाडीजवळच्या पांढऱ्या भिंतीवर तिची गुलाबी झाक पडलेली असते. ती फोटो मोठा केल्याशिवाय दिसत नाही, पण ठिगळाशेजारी राहिली तर बरोबर खुपते.

हे शिकल्यावर भिंत सुटली, पदर अडला. चाळीस पिक्सेल बाहेर म्हणजे त्या बाजूला चाळीस पिक्सेल पदरावर. मॉडेलने काठ आपल्या मनाने काढला, ब्लरने तो मूळ काठात मिसळला, आणि आजीच्या पदराला एकावर एक सरकलेले दोन काठ झाले. भिंतीला रुंद ब्लर हवा, पदराला जवळजवळ शून्य. आकडा मात्र अख्ख्या कडेला एकच.

तरीही मी या मार्गावर टिकलो असतो. मला खरा वैताग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बारा-पंधरा प्रयत्नांत एक चित्र असं आलं की भिंतीवरच्या उन्हाची उतरती छटा हुबेहूब जुळली. फक्त चिऱ्यांपाशी शिवण दिसत होती. म्हटलं सीड तोच ठेवू, ब्लर तेवढा ८ चा १२ करू. चालवलं तर अख्खं चित्र वेगळं! सीड तोच, शब्द तेच, भिंत दुसरीच. `Only masked`मध्ये मॉडेलला दाखवायचा चौकोन ब्लर दिल्यानंतरच्या मास्कवरून कापला जातो. ब्लर वाढला की मास्कचा पसारा वाढतो, चौकोन बदलतो, आणि मॉडेलपुढे वेगळीच चौकट येते. म्हणजे शिवण दुरुस्त करायला गेलं की ठिगळ बदलतं आणि ठिगळ आवडलं की शिवण तशीच ठेवावी लागते. लोकांना याचा एवढा त्रास होत नसेलही. माझी एक रविवारची दुपार त्यात गेली.

नंतर फेदर करण्याच्या मार्गात ही दोन कामं सुटी होतात. `Mask blur` शून्य करायचा आणि मास्क ऐसपैस रंगवायचा: भिंतीकडे साठेक पिक्सेल बाहेर, पदराकडे फक्त चार-पाच पिक्सेल आत, कडेची लाल किनार जाईल एवढाच. शिंपी शिलाईला जादा कापड सोडतो, तसंच हे. `Only masked padding, pixels` मुळात ३२ असतं, ते मी दीडशे-दोनशेवर नेतो. भिंत जुळत नसेल तर दोष बहुतेकदा फेदरचा नसतो. मॉडेलला आजूबाजूची भिंतच पुरेशी दिसलेली नसते, म्हणून ते भलत्या छटेची भिंत काढतं, आणि दोन वेगळ्या छटा कितीही मऊ जोडल्या तरी डाग दिसतोच. फार वाढवलं तर मोठा चौकोन आकसून मॉडेलपुढे जातो आणि ठिगळ जरा पुसट येतं, तेवढं जपायचं.

मग मूळ फोटो गिम्पमध्ये उघडायचा आणि `Open as Layers`ने नवं चित्र त्याच्यावर ठेवायचं. माप तेच असल्यामुळे ते नेमकं बसतं. वरच्या लेयरला पांढरा लेयर मास्क द्यायचा आणि काळ्या ब्रशने जिथे मूळ फोटो हवा तिथे तो मोकळा करायचा. भिंतीवर दीडशे पिक्सेलचा, `Hardness` शून्य असलेला ब्रश. पदराच्या काठाला सहा पिक्सेलचा, बराच कडक. चुकलं तर पांढऱ्याने परत. आवडलेलं ठिगळ जागचं हलत नाही, हे सुख मला मोठं वाटतं.

चिऱ्यांवर मी आधी भिंतीसारखाच रुंद फेदर दिला आणि फसलो. संगणकावर ठीक दिसलं, स्टुडिओतून ८ बाय १२ ची प्रिंट आली तेव्हा जोत्यावर हातभर पट्टा पुसल्यासारखा दिसला. फेदरच्या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या पोतांची सरासरी होते, आणि दोन खडबडीत गोष्टींची सरासरी गुळगुळीत येते. फोटोच्या बारीक दाण्याचंही तेच. निम्म्या-निम्म्या मिश्रणात दाणा मूळच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर उतरतो. म्हणजे फेदर जितका रुंद, तितका तो खडबडीत जागी स्वतःच एक शिवण होतो. जांभ्यावर उपाय उलटा निघाला: फेदर दोन-तीन पिक्सेल आणि कड चिऱ्यांच्या सिमेंटच्या सांध्यातून न्यायची. सांध्यावर रेघ असतेच, तिथे आणखी एक रेघ कुणाला दिसणार? आधीच्या ब्लरमध्ये ही कड नंतर अशी वळवून घेता येत नाही.

शेवटी वरच्या लेयरवरच किंचित `RGB Noise` टाकतो, कारण मॉडेलची भिंत फोनच्या फोटोपेक्षा जास्त स्वच्छ असते. शिवण उरली का हे बघायला सगळ्यात वर तात्पुरता खूप कडक कॉन्ट्रास्ट लावतो. उतरत्या छटेतली पायरी लगेच उठून दिसते. नुसत्या डोळ्यांनी १०० टक्क्यांवर बघून मी दोनदा चुकलोय.

तिसऱ्या पर्यायावर अन्याय नको. वेबयूआयच्या १.८.० आवृत्तीपासून `Soft inpainting` आलंय, कम्फीयूआयमध्ये `Differential Diffusion` नावाचा नोड आहे. यात मास्कचा करडा भाग मॉडेल चित्र काढतानाच वापरतं. जिथे मास्क फिका, तिथे मूळ फोटो थोडाच बदलतो, त्यामुळे वर सांगितलेली सरासरी बरीच टळते. झाडी, वाळू, ढग यांवर हे माझ्या हातकामापेक्षा सरस येतं, हे कबूल. पण त्या करड्या पट्ट्यात मूळ वस्तूही थोडी बदलते. आजीच्या हातातल्या चारपैकी एक बांगडी दुसरीत विरघळली, तेव्हा मी माणसांजवळ हा पर्याय वापरणं थांबवलं. (कम्फीयूआयमधला `FeatherMask` नोड नावामुळे फसवतो, तेही जाता जाता सांगतो. तो मास्कच्या आकाराची कड मऊ करत नाही, चौकटीच्या चार बाजूंकडून मास्क फिका करत आणतो. आपल्या कामाला `GrowMask` आणि वेगळा ब्लर लागतो.)

तुमच्याकडे एकसारख्या पार्श्वभूमीचे चाळीस फोटो असतील, प्रत्येकातून एकच तार किंवा खांब काढायचा असेल, तर आधी ब्लर द्या: मास्क मोकळा, ब्लर १२ ते १६, आणि पुढचा फोटो. चाळीस लेयर मास्क रंगवायला मी सांगणार नाही. फोटो एकच असेल, भिंतीवर लागणार असेल आणि कड माणसाला चिकटून जात असेल, तर वीसेक मिनिटं गिम्पमध्ये घालवणं मला तरी परवडतं. आजीचा फोटो तसाच झाला. शिवण अजून कुणाला सापडलेली नाही. काकाने मात्र पहिल्याच नजरेत विचारलं, गाडी नाही तर अंगणात ही सावली कशाची? मास्क रंगवताना सावली घ्यायची राहून गेली होती.