ड्युअल-बे क्लोन डॉक, 9 महिन्यांनंतर: क्लोन उलट्या दिशेने झालं, चांगली डिस्क पुसली, किती परत आलं

हा डॉक काय करतो हे वाचणाऱ्यांना माहीत असणार, दोन हार्ड डिस्क उभ्या खोचायच्या, कॉम्प्युटर न जोडता बटण दाबून ठेवायचं, एका डिस्कचं जसंच्या तसं दुसरीवर उतरतं. पहिले आठ महिने मी यावर खूष होतो. सहा-सात क्लोन केले, एकही अडकला नाही, पंखा नसूनही फार तापला नाही, आणि मी पाच स्टार देऊन ठेवले होते. ते आता काढलेत.

झालं असं की माझी 2 टीबीची जुनी डिस्क, म्हणजे घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, स्कॅन केलेली कागदपत्रं, साधारण 1.3 टीबी भरलेली, ती आवाज करायला लागायच्या आधी दुसरीवर उतरवून ठेवू म्हणून नवी डिस्क आणली. पैसे वाचवायचे म्हणून बरोबर तेवढीच, 2 टीबीची. दोन्ही खोचल्या, बटण दाबलं, पहिला दिवा लुकलुकायला लागला. जुनी डिस्क टार्गेटच्या खाचेत होती आणि कोरी नवी डिस्क सोर्सच्या.

आता या डॉकचा दोष सांगतो, आणि हा दोष मला बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो. सोर्स आणि टार्गेट हे शब्द काळ्या प्लास्टिकवर काळ्याच उठावाच्या अक्षरात आहेत, आणि तेही मागच्या कडेला. डिस्क खोचली की तिच्या मागे ती अक्षरं झाकली जातात, म्हणजे ज्या क्षणी वाचायची गरज असते नेमकी तेव्हाच दिसत नाहीत. डॉक काही विचारत नाही, कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिताय का असं बघतही नाही. बटण एकदा दाबा, मग तीन सेकंद धरून ठेवा, सुरू. एक पांढरा ठिपका छापला असता तर हे सगळं टळलं असतं.

मला कळलं ते चौथ्या मिनिटाला, नव्या डिस्कचं चकचकीत लेबल चुकीच्या बाजूला दिसलं तेव्हा. आणि इथे मी सगळ्यात महागडी चूक केली. मध्येच बंद केलं तर डिस्क खराब होईल का म्हणून मॅन्युअल शोधत बसलो आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या मित्राला फोन लावला. तो पहिलं वाक्य बोलला, "अरे आधी वायर ओढ, मग बोल." त्यात दोन मिनिटं गेली. डॉक सेकंदाला साधारण 115 एमबी लिहितो, म्हणजे मिनिटाला जवळपास 7 जीबी. त्या दोन मिनिटांत सुमारे 14 जीबी गेले, आणि ते आता कुठेच नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट हीच, लक्षात आल्याक्षणी डॉकची वीज तोडा. वीज गेली की हार्ड डिस्क आपलं हेड स्वतःच बाजूला घेते, तेवढी सोय तिच्यात असते, त्यामुळे एकदा अचानक बंद केल्याने होणारं नुकसान हे चालू राहिलेल्या लिखाणापुढे काहीच नाही. क्लोन पूर्ण होऊ द्यायचं आणि मग बघू, हा विचार करूच नका. मग दोन्ही डिस्क बाहेर काढून त्यांच्यावर चिकटपट्टी लावून लिहा, ही जुनी, ही नवी, आणि सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडेही. माझा हात तेव्हा थरथरत होता, अशा वेळी लक्षात ठेवण्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट, डिस्क उत्सुकतेने विंडोजला जोडू नका. जोडलीत तर ती 'इनिशियलाइझ करा' किंवा 'फॉरमॅट करा' असं विचारेल, आणि दोन्हीला नाहीच म्हणायचं. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवायचं नाही. आणि उलटं क्लोन करून परत आणू असंही मनात आणायचं नाही, कारण नवी डिस्क कोरीच आहे, तिच्यात तुमचं काही गेलेलंच नाही. कोणी काही सांगो, ही दिशा बदलून परत मिळणारी गोष्ट नाही.

मित्राने सांगितलं की आता जुन्या डिस्कवर थेट काहीच करायचं नाही, तिची पूर्ण प्रत तिसऱ्या मोठ्या डिस्कवर फाइल म्हणून काढायची आणि सगळे प्रयोग त्या फाइलवर. म्हणजे 4 टीबीची डिस्क आणावी लागली, जे पैसे मी वाचवले होते त्याच्या दुप्पट गेले. डॉक वापरला नाही, सरळ मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
sudo blockdev --setro /dev/sdb
sudo ddrescue -d -r0 /dev/sdb /mnt/tisri/juni.img juni.map
```

पहिल्या ओळीने सिरियल नंबर चिकटपट्टीशी जुळवून बघा, sdb हे नाव माझ्याकडे आलं, तुमच्याकडे वेगळं येईल. दुसरी ओळ डिस्कवर लिहायला बंदी घालते. तिसरीत आधी येते ती वाचायची डिस्क, नंतर लिहायची फाइल, आणि /mnt/tisri म्हणजे आधीच माउंट करून ठेवलेली 4 टीबीची डिस्क. मला इथे पुन्हा तीच भीती होती की क्रम उलटा लिहिला तर काय, पण डीडीरेस्क्यू पूर्ण डिस्कवर लिहायला -f दिल्याशिवाय तयारच होत नाही. म्हणून कुठल्याही सल्ल्यात -f दिसला तर या कामासाठी तो काढून टाका. माझ्या बाबतीत साडेपाच तास लागले.

मग किती पुसलं ते नेमकं मोजता येतं. नवी डिस्क कोरी म्हणजे तिच्यात सगळे शून्य होते, तेच शून्य जुनीवर उतरले. तर इमेजची, म्हणजे त्या प्रतीच्या फाइलची, शून्याशी तुलना करायची, पहिला फरक जिथे सापडेल तिथे क्लोन थांबलेलं असतं, साधारण.

```
cmp /mnt/tisri/juni.img /dev/zero
```

माझ्याकडे उत्तर आलं 41 अब्ज बाइटच्या जरा पुढे, म्हणजे 41 जीबी. दोन हजारपैकी 41, दोन टक्के. मला वाटलं वाचलो. मित्र म्हणाला, "थांब, कुठले दोन टक्के ते बघ."

कारण डिस्कची सुरुवात म्हणजे नुसत्या फाइल्स नव्हेत. सगळ्यात आधी डिस्कचे भाग कुठून कुठवर ते सांगणारं पार्टिशन टेबल असतं, ते पहिल्याच क्षणी जातं, पण ते जीपीटी प्रकारचं असेल तर त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते आणि क्लोन तिथवर पोचलं नसेल तर ती शाबूत असते. एनटीएफएस म्हणजे विंडोजची फाइल्स मांडायची पद्धत, तिच्या बूट सेक्टरचीही प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. हे दोन्ही मिळाले, टेस्टडिस्क या सॉफ्टवेअरने पार्टिशन दाखवलं, माझा आनंद पाच मिनिटं टिकला. खरी वही म्हणजे एमएफटी, प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, आकार आणि ती डिस्कवर कुठे ठेवलीय याची 1 केबीची एक नोंद. ही वही विंडोजने फॉरमॅट केलेल्या मोठ्या डिस्कवर सहसा पार्टिशनच्या सुरुवातीपासून 3 जीबीवर सुरू होते. 115 च्या वेगाने तिथे पोचायला अर्धं मिनिटही लागत नाही. म्हणजे मी लेबल बघायच्या कितीतरी आधीच वहीची सुरुवात गेलेली होती. तिची एमएफटी-मिरर नावाची प्रत आहे, पण त्यात फक्त पहिल्या चार नोंदी असतात आणि तीही सहसा सुरुवातीलाच, उपयोग नाही.

थोडं नशीब असं की फाइल्स वाढल्या की ही वही पुढे दुसऱ्या जागीही वाढत जाते. पूर्ण इमेज स्कॅन करणारं सॉफ्टवेअर अशा सुट्या नोंदी शोधतं. माझ्या अंदाजे 3 लाख फाइल्सपैकी 90 हजारांच्या आसपास नोंदी पुढच्या तुकड्यांत मिळाल्या, त्या फाइल्स नावासकट, फोल्डरसकट आल्या. त्या सगळ्या नंतर टाकलेल्या होत्या. जुन्यांची नावं गेली.

बाकीच्यांसाठी फोटोरेक हे सॉफ्टवेअर. ते वही बघतच नाही, सेक्टर वाचत जातं आणि जेपीजीची सुरुवात ज्या खुणेने होते ती दिसली की फाइल काढतं. फुकट आहे, दोन रात्री चाललं, आणि recup_dir.1, recup_dir.2 अशा शेकडो फोल्डरमध्ये f81920344.jpg असली नावं. फोटोंची तारीख फोटोच्या आतच असते म्हणून एक्झिफटूलने त्यावरून नावं देता आली, फोल्डरची नावं मात्र नाहीत. कुठल्या लग्नाचे, कुठल्या सहलीचे, ते तारखेवरून आठवायचं. व्हिडिओंचं जरा वाईट झालं, जी फाइल डिस्कवर एकसलग होती ती चालते, जी तुकड्यांत होती ती उघडत नाही किंवा अर्ध्यात अडकते. आणि अगदी लहान टेक्स्ट फाइल्स, दोन-चार ओळींच्या नोंदी, त्या एमएफटीच्या नोंदीतच साठवल्या जातात, म्हणून वहीबरोबर गेल्या. ते मी आधी धरलंच नव्हतं, आईच्या औषधांच्या नोंदी तशाच होत्या.

आणि त्या 41 जीबीत जे होतं ते परत येत नाही. लॅबमध्ये मायक्रोस्कोपने आधीचं चुंबकत्व वाचतात असं बऱ्याच जणांनी सांगितलं, मीही एक दिवस त्या आशेवर होतो. आत्ताच्या हार्ड डिस्कवर एकदा शून्य लिहिलं की खालचं वाचता येत नाही, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 2014 च्या डेटा पुसण्याच्या मार्गदर्शिकेनेही एका वेळचं लिखाण सहसा पुरेसं धरलं होतं. लॅबवाल्याला पैसे द्यायचे ते डिस्क बिघडलेली असेल तर, माझी डिस्क तर ठणठणीत होती. माझ्या डिस्कवर त्या भागात सगळ्यात आधी कॉपी केलेलं होतं, 2011 आणि 2012 चे फोटो. त्यातले काही नातेवाइकांकडून परत मिळवले.

चांगली डिस्क एसएसडी असेल आणि कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरने चुकीच्या दिशेला क्लोन केलं असेल तर परिस्थिती अजून कठीण. बरीच सॉफ्टवेअर आधी टार्गेटची पार्टिशनं उडवून नवी बनवतात आणि फॉरमॅटबरोबर ट्रिम, म्हणजे हा भाग रिकामा धर असा आदेश, एसएसडीला पोचला की ज्या भागावर लिहिलंच नाही तोही शून्य वाचला जातो. तिथे मिनिटं नाही, सेकंदं मोजा, कॉम्प्युटर थेट बंद करा.

हा रिव्ह्यू मी आधी त्याच रात्री लिहिला होता, एक स्टार देऊन. नंतर एक गोष्ट कळली म्हणून बदलतोय. हा डॉक टार्गेट सोर्सपेक्षा लहान असेल तर लाल दिवा लावून नकार देतो, मी नंतर दोन रिकाम्या डिस्कवर करून बघितलं. म्हणजे नवी डिस्क 4 टीबीची असती तर उलटी खोचूनही काही झालं नसतं. दोन्ही सारख्या आकाराच्या होत्या म्हणूनच तो निमूट सुरू झाला. तर तीन स्टार, दोन त्या काळ्या अक्षरांचे कापले. कंपनीच्या सर्व्हिसला अक्षरांबद्दल लिहिलं, उत्तर आलं की मॅन्युअलमध्ये चित्र आहे.

आता टार्गेटच्या खाचेवर लाल चिकटपट्टी आहे, आणि जुनी डिस्क असेल तेव्हा नवी नेहमी मोठीच आणतो. फोटोरेकच्या फोल्डरांपैकी अजून चाळीसेक चाळायचे राहिलेत, रविवारी दोन-तीन होतात.