उरलेल्या दोन परीक्षा: जुने गुण उचलावेत की वक्रातून काढावेत?

समजा, 100 गुणांच्या सहा चाचण्या आहेत आणि पास व्हायला सरासरी 50, म्हणजे एकूण 300 गुण लागतात. चार चाचण्यांत 38, 52, 61 आणि 45 मिळाले. बेरीज 196, म्हणून उरलेल्या दोन चाचण्यांत मिळून 104 हवेत. ते मिळण्याची शक्यता किती, हे काढायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग बूटस्ट्रॅपचा. या चार गुणांमधून दोनदा यादृच्छिकपणे एकेक गुण उचलायचा, उचललेला परत ठेवायचा आणि हे हजारो वेळा करायचं. इथे चार गुणिले चार अशा जोड्या सोळाच असल्याने हातानेही मोजता येतं: 104 किंवा जास्त देणाऱ्या जोड्या सहा, म्हणजे शक्यता 37.5 टक्के.

दुसरा मार्ग प्रसामान्य वितरणाचा, म्हणजे गुण सरासरीभोवती घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरलेत असं धरायचं. सरासरी 49, आणि गुण तिच्याभोवती किती पसरलेत ते सांगणारं प्रमाण विचलन सुमारे 9.8. त्यातून गुण काढले की शक्यता 33 टक्क्यांच्या आसपास येते.

आकडे जवळचे दिसतात, पण खरा फरक टोकाला कळतो. 104 ऐवजी 125 हवे असते, तर बूटस्ट्रॅपने थेट शून्य सांगितलं असतं, कारण त्याला 61 च्या वरचा गुण माहीतच नाही. प्रसामान्य वितरण तिथे अडीच टक्क्यांच्या आसपास शक्यता दाखवतं, आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. हाताशी चारच गुण असतील तर मी दुसरा मार्ग घेईन. वीसेक असतील तर पहिला.

गुण सतत चढत असतील, तर मात्र दोन्ही मार्ग फसतात: क्रम दोघांनाही दिसत नाही.