मासळीचा धंदा वेगळा करायचाय: डीमर्जर की स्लम्प सेल?

समजा, रत्नागिरीतल्या एका प्रायव्हेट कंपनीला हापूसचा पल्प ठेवून मासळी प्रक्रिया वेगळी करायची आहे. विलीनीकरण इथे कामाचं नाही, ते कंपन्या एकत्र आणतं.

डीमर्जरमध्ये धंदा नव्या कंपनीत जातो आणि तिचे शेअर थेट भागधारकांना मिळतात. अटी पाळल्या तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र साधारणपणे भागधारक आणि धनकोंची मूल्याने तीन-चतुर्थांश संमती, मग एनसीएलटी या कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा आदेश लागतो. यात महिने जातात.

स्लम्प सेलमध्ये अख्खा धंदा एकाच ठोक किमतीला विकला जातो आणि रोख कंपनीकडे येते. संचालक मंडळाचा ठराव, करार आणि कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत यावर काम भागतं. पण ४ कोटी नक्त मूल्याचा धंदा १० कोटींना विकला, तर ६ कोटींच्या नफ्यावर कर बसतो. करारात प्रत्येक मालमत्तेची वेगळी किंमत लावू नका (स्टॅम्प ड्युटीपुरती चालते), नाहीतर तो स्लम्प सेल राहत नाही. कर्ज फेडायचं असेल तर मी हाच मार्ग घेईन.